लवूनं पाहिलेला पाट

लवूच्या दुकानावर पाटी नाही. पूर्वी होती. एका वादळात ती उडून समोरच्या कलमांच्या बागेत पडली आणि बागवाल्यानं ती कुंपणाला आधार म्हणून लावून टाकली. लवू ती मागायला गेला नाही. "लोकांना दुकान म्हायत हाय," एवढंच म्हणाला. रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, समुद्राच्या अंगाला आमची वाडी आहे आणि वाडीच्या तोंडाशीच हे दुकान. तांदूळ, तेल, कापूर, सुतळी, नारळ, शिवाय पर्यटकांसाठी पाण्याच्या बाटल्या.

मी रामा. वीजमंडळात लाइनमन होतो. आता निवृत्त आहे आणि लवूच्या दुकानाच्या बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला नावं ठेवणं हा माझा उद्योग आहे. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पावसाळी अंधारात कुठल्या कुठल्या आडरानातल्या खांबांवर चढलो, विजेचे झटके खाल्ले, पण भूत एकदाही भेटलं नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे सांगायचं आहे ते सांगताना माझाच आवाज जरा खाली येतो.

लवू पन्नाशी ओलांडलेला, बारीक अंगाचा, कमी बोलणारा माणूस. त्याला खोटं बोलता येत नाही. येत नाही म्हणजे जमतच नाही, जसं काही जणांना शीळ घालायला जमत नाही. गिऱ्हाइकानं विचारलं, "लवू, खोबरं चांगलं आहे ना?" तर हा म्हणणार, "ह्यो माल जरा खवट हाय. पुढल्या आठवड्यात घ्या." त्याची बायको दर्शना आतून कपाळावर हात मारून घेते. ती बोलकी, तिखट आणि व्यवहाराला पक्की. दुकान चाललंय ते तिच्यामुळे.

तर अशा माणसाच्या हातात मोबाइल आला आणि तोही इतरांसारखाच बिघडला. सण आला की वाडीच्या ग्रुपवर सोनेरी समया, लकाकणारी कमळं आणि "आपणास व आपल्या परिवारास" चालू. प्रत्येक चित्राच्या डोक्यावर दोन बाण आणि "अनेकदा फॉरवर्ड केलेला" असा शिक्का. मी ती चित्रं उघडतसुद्धा नसे. एका दसऱ्याला लवूनं असंच एक चित्र पाठवलं. आपट्याची पानं, झेंडूचं तोरण आणि खाली ठसठशीत अक्षरात शुभेच्छुक म्हणून सांगलीकडच्या कुणा टायरवाल्याचं नाव. यानं ते वाचलंच नव्हतं. पुढचा आठवडाभर जो तो दुकानात येऊन विचारत होता, "लवू, स्कूटरचं टायर आहे का रे?" लवूचे कान लाल.

दर्शना त्याला म्हणाली, "दुसऱ्याची उष्टी चित्रं कशाला पाठवता? तुमच्या दुकानात आज काय झालंन ते लिहा की."

त्यानं खरंच लिहिलं. दिवाळीचा तो मेसेज मी अजून ठेवला आहे.

"चकलीची भाजणी दळून आली. दर्शनाच्या नाकाला पीठ लागलं आहे, ती फोटो काढू देत नाही. पहिली चकली तुटली, दुसरी जमली. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दुकान बंद असेल, पण पायरीवर पणती आहे. येता-जाता तेल कमी दिसलं तर बाटली डावीकडे ठेवली आहे. शुभ दीपावली. – लवू आणि दर्शना."

डोक्यावर बाण नव्हते. त्या रात्री वाडीतली निम्मी माणसं पणतीत तेल घालायला म्हणून पायरीशी येऊन गेली. पणतीतून तेल ओसंडून पायरी निसरडी झाली. नालासोपाऱ्याहून वाडीतल्याच सुजयचा फोन आला की त्याच्या आईनं तो मेसेज शेजाऱ्यांना वाचून दाखवला आणि मग डोळे पुसत बसली. चाकरमान्यांची सणाची सामानं त्यानंतर लवूकडूनच जाऊ लागली. त्याचं सगळ्यात मोठं नवल लवूलाच वाटलं.

त्याचा एकच नियम होता. जे डोळ्यांनी पाहिलं तेच लिहायचं. संक्रांतीला मी म्हटलं, "लिही की, आकाश पतंगांनी भरून गेलं." तो म्हणाला, "एकच होता, भाऊ. तोही तारेत अडकलेला." आणि तसंच लिहिलं.

आता सगुणाकाकीबद्दल सांगायला हवं. वाडीत आत, विहिरीच्या वळणावर तिचं घर. नवरा लवकर गेला, मुलगा केतन डोंबिवलीला नोकरीला. ती एकटी राहायची आणि वर्षभर जणू गणपतीचीच वाट पाहायची. आमच्याकडे गणपतीचा पाट आधी मूर्तिकाराकडे पोचवायचा असतो. मूर्तिकाराच्या कारखान्याला आम्ही गणपतीची शाळा म्हणतो. आमच्या वाडीची शाळा बाबाजीनानांची. नागपंचमीपर्यंत ज्याच्या त्याच्या घरचा पाट शाळेत गेला पाहिजे, कारण मूर्ती त्याच पाटावर बसते. पाट दिला म्हणजे शब्द दिला. मग गणपती आणायचा नाही असं चालत नाही. विसर्जन झालं की रिकाम्या पाटावर समुद्राची मूठभर वाळू घेऊन घरी यायचं, ती घरात चारी कोपऱ्यांत टाकायची आणि पाट खुंटीला लावायचा. काकीचा पाट फणसाचा, मागच्या बाजूला लाल रंगात नाव घातलेला. शाळेच्या रांगेत दारापासून तिसरी जागा तिची, ती कधी कुणी घेतली नाही.

दोन वर्षांपूर्वी गौरी-गणपती झाल्यावर ती मुलाबरोबर उपचारासाठी मुंबईला गेली आणि दिवाळीआधी तिकडेच वारली. वर्षश्राद्ध व्हायचं होतं म्हणून त्या पुढच्या भाद्रपदात घर बंद राहिलं. यंदा केतननं ग्रुपवर लिहिलं की आता दरवर्षी येणं जमायचं नाही, गणपती इकडे फ्लॅटवरच बसवतो, घराचं पुढे काय ते बघू. लोकांनी हात जोडलेली चित्रं टाकली. लवूनं काहीच टाकलं नाही. तो अजूनही दर आठवड्याला जाऊन काकीचं अंगण झाडायचा. किल्ली त्याच्याकडे नव्हती, ती केतनकडेच होती.

आणि नागपंचमीला दुपारी लवूचा मेसेज आला.

"आज नागपंचमी. लाह्या सकाळीच संपल्या. दर्शनानं घरासाठी ठेवलेल्या होत्या त्याही मी विकल्या, म्हणून आज आमच्याकडे बोलणी चालू आहेत. बाबाजीनानांच्या शाळेत सुतळी पोचवून आलो. वाडीचे पाट लागले आहेत. दारापासून पहिला सुजयचा, मग रामाभाऊंचा, मग सगुणाकाकीचा, पुढे बाकीचे. अजून एकाही पाटावर गणपती बसलेला नाही, पण सगळ्यांच्या जागा मांडून तयार आहेत. मुंबईकरांनो, हळदीची पानं यंदा हातभर झाली आहेत, पातोळ्या खायला यायला हवं होतं. नागपंचमीच्या शुभेच्छा. – लवू आणि दर्शना."

मी बाकावरच बसून वाचलं. वाचून झालं आणि पुन्हा वरपासून वाचलं. "लवू, हे काय लिहिलंयस?"

"काय?"

"सगुणाकाकीचा पाट."

"हाय की. तिसरा."

"अरे, काकी जाऊन दोन पावसाळे झाले. घराला कुलूप आहे."

त्याचा हात नारळाच्या पोत्यात होता, तो तसाच राहिला. रस्त्यावरून एक एसटी गेली. ती वळणापलीकडे दिसेनाशी झाली तेव्हा तो हळू आवाजात म्हणाला, "होय की."

"पाहताना अंगावर काटा नाही आला?"

"बगताना नाय आला. दरवर्षी तिथंच असतो ना. आत्ता तुमी बोललात तेव्हा आला."

मग त्यानं पोत्यातून हात काढला आणि पंचाला पुसला. दुपारची वेळ, रस्ता भरून पर्यटकांच्या गाड्या, तरी मला त्या क्षणी दुकानात बसवेना. मी घरी गेलो आणि उगाचच सगळे दिवे लावून पाहिले.

ग्रुपवर आधी अंगठे आले, हळदीच्या पानांबद्दल दोघातिघांनी लिहिलं. मग वाडीतल्याच प्रेमलानं विचारलं, "सगुणाकाकीचा पाट? कोणी दिला?" साठ माणसांच्या ग्रुपवर एकदम सामसूम झाली आणि तीच मला खटकली. पाट कोणी दिला हे कुणालाच माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लवूचाच मेसेज लवूकडे परत आला. बुरोंडीला त्याचा मेव्हणा असतो, त्यानं पाठवला. डोक्यावर दोन बाण. लाह्या गेल्या होत्या, हळदीची पानं गेली होती, लवू-दर्शनाची नावंही गेली होती. उरलं होतं ते असं: "रत्नागिरीजवळच्या एका वाडीत मृत स्त्रीचा पाट दरवर्षी आपोआप गणपतीच्या शाळेत येतो. घर आतून बंद. रात्री पावलं उमटतात. अकरा जणांना पाठवा, इच्छित मनोकामना पूर्ण होईल." संध्याकाळपर्यंत तो मला तीन ठिकाणांहून आला. तिसऱ्यात काकीचं नावही कुणीतरी घातलं होतं, आणि पांढऱ्या साडीतल्या कुठल्याशा बाईचं चित्र जोडलं होतं.

लवूनं ते चित्र पाहिलं आणि मोबाइल उलटा करून गल्ल्यावर ठेवला. "माझे शब्द नायत हे," तो म्हणाला. त्याचा चेहरा असा झाला होता की मला त्याची थट्टा करवली नाही.

वाडीतही अफवांचं पीक यायला लागलं. कुणाला काकीच्या पडवीत उजेड दिसला, कुणाला उदाचा वास आला. विहिरीवर जाणाऱ्या बायका वळसा घालून जायला लागल्या. मी म्हटलं हे थांबवायला हवं, आणि भर दुपारी एकटा जाऊन काकीच्या घराचं कुलूप पाहून आलो. कुलूप गंजलेलं होतं, त्याच्या कडीवर कोळ्याचं जाळं होतं. कुणी उघडलेलं नव्हतं हे उघड होतं. मी माघारी वळणार होतो, पण इतक्या वर्षांची सवय. पायरीवर पाय ठेवला आणि तोंडातून हाक गेली, "काकी, हायस काय?"

आतून काही उत्तर आलं नाही. येणार नव्हतंच. पण उत्तराची वाट पाहत मी तिथे उभा राहिलो, हे मला कळलं, तेव्हा मात्र मी घाबरलो. निघताना मी मागे पाहिलं नाही, हे कबूल करतो.

त्याच संध्याकाळी केतनचा फोन आला. दर्शनानं तो स्पीकरवर टाकला.

"लवूकाका, आईच्या नावाचा तमाशा लावलाय तुम्ही. ऑफिसातली माणसं मला फोटो दाखवतायत."

"तो फोटो मी नाय टाकलेला, केतन."

"सुरुवात तुमच्या मेसेजनं झाली ना? घर बंद आहे, किल्ली माझ्याकडे आहे. पाट आत खुंटीला आहे. मग शाळेत कुठनं आला? एकतर तुम्ही कुलूप उघडलंत, नाहीतर थापा मारल्यात. दुकानाची जाहिरात करायला माझी आईच सापडली?"

लवूनं हातातलं माप खाली ठेवलं.

"तो मेसेज काढून टाका. आणि चुकून लिहिलं, असा पाट नव्हता, असं ग्रुपवर सांगा. सगळ्यांसमोर."

फोन बंद झाला. पाठवलेला मेसेज सगळ्यांच्या मोबाइलवरून पुसता येतो, पण दोनेक दिवसांतच. नंतर ती सोय राहत नाही. म्हणजे त्या रात्रीच काय ते ठरवायला हवं होतं. मी म्हटलं, "पुसून टाक. विषय संपेल." दर्शनाही म्हणाली, "पुसा हो. गणपती तोंडावर हायत, लोकांशी वाकडं नको." ती एरवी कुणाला भिणारी बाई नाही, पण त्या दिवशी भ्यालेली दिसली.

लवू बराच वेळ तराजूच्या पारड्याशी चाळा करत बसला. मग म्हणाला, "पुसला तर मी बगितलंच नाय असं होईल. मग दिवाळीची चकलीपण खोटी, संक्रांतीचा पतंगपण खोटा."

मला तेव्हा नीट कळलं की या माणसाचं काय पणाला लागलं आहे. त्याच्यापाशी शिक्षण नाही, मोठं दुकान नाही, पोरबाळ नाही. हा सांगतो ते खरं असतं, एवढंच एक त्याच्याकडे होतं आणि वाडी ते त्याच्यापाशी मागायला यायची. ते गेलं असतं तर लवू नुसता एक वाणी उरला असता. मला त्याचा राग आला आणि माया वाटली, दोन्ही एकदम.

"चल," मी म्हटलं, "आधी पाट बघून येऊ."

बाबाजीनानांची शाळा समुद्रावरून वाडीत येणाऱ्या पायवाटेवर आहे. पत्र्याची लांबट पडवी, आत कायम अंधार आणि शाडूचा ओला वास. पाऊस लागला होता. आत शिरलो तर समोर फळ्यांवर ओळीनं मूर्तींची धडं, त्यांना हात नव्हते, सोंडा नव्हत्या, ओल्या फडक्यांत गुंडाळलेली. खाली भिंतीला टेकून पाट. मी दरवर्षी ते पाहतो. त्या दिवशी मात्र ते पाट पंगतीला मांडल्यासारखे वाटले. दारापासून पहिला, दुसरा माझा, आणि तिसरा. फणसाचा. लाल अक्षरं: सगुणा.

लवूनं सुटकेचा श्वास टाकला. मी टाकला नाही.

पाटाच्या खोबणीत वाळू होती. मी बोट लावलं. वाळू ओली होती. मी लगेच स्वतःला समजावलं की समुद्राची वाळू आहे, तिच्यात मीठ असतं, श्रावणात ओल धरणारच. पटलंही. पण बोट मात्र मी पँटला तीनतीनदा पुसलं.

कोपऱ्यात बाबाजीनाना मूर्तीच्या कानाला आकार देत बसले होते. ऐंशीच्या पुढचे, डोळ्यांना अंधुक दिसतं, पण हात अजून चालतात. लवूनं विचारलं, "नाना, सगुणाकाकीचा पाट कोणी दिलान?"

नानांनी वर पाहिलंही नाही. "सगुणानं. दुसरं कोण देणार?"

"कधी?"

"गणपतीत. हातात दिलान. 'बाबाजी, ठेव,' म्हणाली न् गेली. घाईत होती. पदर भिजलेला होता तिचा."

पत्र्यावर पाऊस जोरात आला. नानांचा मुलगा सागर पलीकडे शाडू मळत होता. त्यानं आम्हाला डोळ्यांनी खूण केली, की आताशा त्यांचं असंच आहे, जिवंत-मेलेलं एक करतात. आम्ही बाहेर पडलो. लवूनं मेसेज पुसला नाही. फक्त केतनला एक ओळ पाठवली: "पाट आज पुन्हा पाहिला. तू ये आणि बघ."

केतन शनिवारी सकाळी आला. रात्रभर प्रवास करून, दाढी वाढलेली, रागानं तट्ट फुगलेला. दुकानाशी थांबलाही नाही, सरळ घराकडे गेला. आम्ही मागोमाग, आणि आमच्या मागे निम्मी वाडी. कुलूप त्यानं तेल घालून, हिसडे देऊन उघडलं. दार कुरकुरत आत गेलं आणि बंद घराची गार हवा बाहेर आली. कुणी उंबरा ओलांडेना. केतन एकटाच आत गेला, मग लवू, मग मी, कारण मागे उभं राहणं जास्त कठीण होतं.

देवघराच्या भिंतीवर खुंटी होती. खुंटीवर काही नव्हतं. भिंत धुरानं काळपट झाली होती आणि तिच्यावर पाटाच्या आकाराचा एक उजळ चौकोन होता. केतन त्याच्याकडे पाहत राहिला. हात लावून पाहिला. कुलूप फोडलेलं नव्हतं, कौलं जागच्या जागी होती, खिडक्यांना आतून कड्या होत्या. त्याचा राग ओसरत गेला आणि तिथे भीती आली, ती मी त्याच्या मानेवर पाहिली.

"कुठाय शाळेतला?" तो म्हणाला.

शाळेत त्यानं पाट दोन्ही हातांनी उचलला. वाळू सरकून त्याच्या मनगटावर पडली. बाबाजीनाना म्हणाले, "केतन का रे? तुझी आय पाट देऊन गेली. पदर भिजलेला. गाडी थांबलीय म्हणाली."

केतननं पाट छातीशी धरला आणि तिथेच शाडूच्या ढिगाऱ्यावर बसला.

"गाडी मी थांबवली होती," तो म्हणाला. "विसर्जनाच्या संध्याकाळी. तिला मुंबईला न्यायचं होतं, अंधार व्हायच्या आत घाट गाठायचा होता. मी रस्त्यावरनं हॉर्न वाजवत होतो. ती म्हणाली होती, तू हो पुढं, मी पाट घेऊन येते. आली तेव्हा पदर ओला होता, पायांना वाळू होती. हात रिकामे होते. मी पाट कुठाय म्हणून विचारलंसुद्धा नाही. गाडीत वाळू पडली म्हणून चिडलो तिच्यावर."

सगुणाकाकी समुद्रावरून घराकडे गेलीच नव्हती. वाटेवर शाळा होती, तिथेच तिनं पुढच्या वर्षाचा पाट देऊन टाकला होता, वाळूसकट. आपण परत येणार नाही हे तिला ठाऊक असणार. आणि मुलगा काय करील हेही ठाऊक असणार. पाट शाळेत आहे म्हणजे शब्द दिलेला आहे. तो मोडायचा असेल तर केतनला इथे येऊन, स्वतःच्या हातानं पाट परत न्यावा लागणार होता.

केतन रडला. मोठ्यानं, लहान मुलासारखा, सगळ्यांसमोर. लवू त्याच्या शेजारी खाली बसला आणि त्याच्या मनगटावरची वाळू अलगद पुन्हा पाटावर ओढत राहिला, एक कण सांडू न देता.

थोड्या वेळानं केतन उठला. पाटावरची वाळू त्यानं रुमालात बांधली, घरी जाऊन चारी कोपऱ्यांत टाकली, दोन वर्षं टाकायची राहिलेली. मग रिकामा पाट परत आणला आणि नानांसमोर धरला. "नाना, ठेवा," तो म्हणाला. ग्रुपवर त्यानं स्वतःच लिहिलं: "पाट आईनेच दिला होता. लवूकाकांनी लिहिलं ते खरं आहे. मी चुकीचं बोललो. यंदा गणपती गावच्या घरी." त्याच्याही डोक्यावर बाण नव्हते. ती पांढऱ्या साडीतली बाई मात्र अजून कुठे कुठे फिरते आहे, परवा मला पुन्हा आली.

एक गोष्ट राहिली. केतन पाट घेऊन परत येईपर्यंत मी सागरला बाजूला घेऊन विचारलं, की दोन वर्षं हा पाट होता कुठे?

"माळ्यावर," सागर म्हणाला. "गेल्या साली त्यांच्याकडं गणपती नव्हता म्हणून नानांनी वर टाकायला लावलान. मीच टाकला."

"मग यंदा खाली कोणी काढला?"

"मला वाटलं नानांनी."

नानांना विचारलं. ते म्हणाले, "ह्या गुडघ्यांनी मी माळ्यावर चढू?"

सागर माझ्याकडे पाहायला लागला. "भाऊ, मी बाकीचे पाट रचले तेव्हा हा आधीच लागलेला होता. तिसरी जागा सोडून मी आजूबाजूला लावले." एवढं म्हणेपर्यंत त्याच्या दंडावर काटा उभा राहिलेला मला दिसला. माळ्याची शिडी भिंतीला आडवी टांगलेली होती, तिच्यावर धूळ होती.

संध्याकाळी दुकानात मी लवूला ते सांगितलं. म्हटलं, "आता हे लिही. हे कोणी लिहिलं नसेल."

लवू कापराच्या पुड्या बांधत होता. "कोणी काढलान ते तुमी बगितलंत?"

"नाही."

"मीपण नाय." आणि तो पुड्या बांधत राहिला.

चतुर्थीच्या सकाळी वाडीभर टाळ वाजत होते. काकीच्या घरासमोर चपलांचा ढीग होता. अकराच्या सुमाराला मोबाइल वाजला.

"आज गणपती आले. रस्त्यावर चिखल आहे, सुजय मूर्ती घेऊन घसरला, पण मूर्ती वर धरली आणि स्वतः बसला. दर्शनाचे मोदक सात फुटले. सगुणाकाकीचं घर उघडं आहे. केतन आरतीत दोनदा चुकला आणि तिसऱ्यांदा बरोबर म्हणाला. काकी उभी राहायची ती दाराजवळची जागा लोकांनी रिकामी सोडली होती. कोणी सोडा म्हणालं नव्हतं. मी पाहिलं. गणेशचतुर्थीच्या शुभेच्छा. – लवू आणि दर्शना."

मी त्या आरतीला होतो. गर्दी इतकी होती की माणसं पडवीत, पायऱ्यांवर, अंगणात उभी होती, माझ्या पायावर कुणाचा तरी पाय होता. आणि दाराजवळ एक माणूस मावेल एवढी जागा खरंच रिकामी होती. तिथे उभं राहावं असं मलाही वाटलं नव्हतं.